गच्चीची चावी मागताना

भाड्याचं घर बघायला गेलेला माणूस नळाला पाणी किती वाजता येतं ते विचारतो, गाडी कुठे लावायची ते विचारतो आणि डिपॉझिटवर थोडी घासाघीसही करतो. गच्चीचं विचारायचं मात्र राहून जातं. सामान लागतं, पहिला आठवडा जातो आणि मग लक्षात येतं, की गॅलरीतल्या दोन दोऱ्यांवर चौघांचे कपडे मावत नाहीत, धुतलेली चादर तर दारावरच टाकावी लागते आणि मुलं संध्याकाळी हॉलमध्येच धुडगूस घालतात. मग एक दिवस जिन्यात घरमालकीणबाई भेटल्या की घाईघाईत विचारलं जातं, "काकू, आम्ही गच्ची वापरली तर चालेल ना?"

काकू क्षणभर थांबतात. "बघू, ह्यांना विचारून सांगते," म्हणतात. मराठी घरातल्या या 'बघू'चा अर्थ बहुतेकांना ठाऊक असतो.

काकूंचा स्वभाव वाईट नसतो. घोटाळा प्रश्नात असतो. 'गच्ची वापरणे' याला मोजमापच नाही. त्यात दोन टॉवेल वाळत घालणंही येतं आणि रविवारी गल्लीतल्या बारा मुलांचं क्रिकेटही येतं. मालक 'हो' म्हणताना नेहमी दुसरं टोक डोळ्यांपुढे आणतो. म्हणून गच्ची मागायची, तर आधी तिचं माप काढावं लागतं: कोणत्या वेळी, कोणत्या कोपऱ्यात, किती जणांनी आणि काय बिघडलं तर कोणी निस्तरायचं.

आधी गच्ची कोणाची ते पाहा

परवानगी द्यायचा अधिकार कोणाकडे आहे, हे गच्चीगणिक बदलतं. फ्लॅटला लागून असलेली, फक्त त्याच फ्लॅटमधून दार असलेली गच्ची मालकाच्या खरेदीखतात फ्लॅटबरोबर लिहिलेली असते. ती भाडेकरारातही लिहून घेतली की प्रश्न मिटतो.

सोसायटीच्या इमारतीची वरची गच्ची वेगळी. २०१६च्या रेरा कायद्याने सामायिक जागांच्या व्याख्येत गच्चीचा स्पष्ट उल्लेख केला आहे. ती कोणा एका सभासदाची नसते, त्यामुळे तुमचा फ्लॅटमालक ती परस्पर देऊ शकत नाही. सोसायटीचा व्यवहार सभासदाशी असतो, भाडेकरूशी नाही. म्हणून अर्ज मालकाच्या सहीने कार्यकारिणीकडे गेला तरच त्याला वजन येतं. रोजच्या कपड्यांसाठी एकट्या तुम्हाला मुभा मिळणंही अवघड. तिथे मागणी 'सर्वांसाठी एक वेळ ठरवा' अशी केली, तर ती सभेत टिकते.

तिसरा प्रकार सर्वांत जास्त आढळणारा, आणि नाजूकही: स्वतंत्र घर, एका मजल्यावर मालक, दुसऱ्यावर भाडेकरू. गच्ची पूर्ण मालकाची. परवानगी द्यायला ना सभा लागते ना ठराव, काका-काकूंचं मन तेवढं वळावं लागतं. याच घराचं एक उदाहरण घेऊ.

समजा, पुण्यातलं एकमजली घर आहे. तळमजल्यावर भाडेकरू: नवराबायको, नऊ वर्षांची मुलगी, सहा वर्षांचा मुलगा. बायको बँकेत, साडेनऊला निघते आणि सहाला परतते. नवरा रात्री आठला येतो. वरच्या मजल्यावर मालक काका-काकू. गच्चीचा जिना बाहेरून आहे आणि तो काकूंच्या स्वयंपाकघराच्या खिडकीजवळून वर जातो. गच्चीवर पाण्याची टाकी, सोलर हीटर, एक डिश अँटेना आणि काकूंच्या दोन दोऱ्या.

मालकाला कसली भीती वाटते

पहिली भीती गळतीची. जुन्या घरांच्या गच्चीवर बहुधा ब्रिकबॅट कोबा असतो. स्लॅबवर विटांचे तुकडे सिमेंटच्या मालात बसवून उतार काढलेला असतो आणि वरून घोटाई केलेली असते. दोरी बांधायला कुणी जमिनीत किंवा कठड्याच्या तळाशी खिळा ठोकला, हूक बसवला, की त्या थराला भोक पडतं. गंमत अशी, की हिवाळ्यात ठोकलेला खिळा जूनपर्यंत काही बोलत नाही. पाऊस लागला की पाणी आत शिरतं, कोब्याखालून वाट काढत भलतीकडेच जातं आणि काकूंच्या देवघराच्या छतावर ओल उमटते. तोवर खिळा कुणाच्या लक्षातही नसतो. गच्चीवर वावर कुणाचा वाढला हे मात्र लक्षात असतं. खिळा न ठोकलेला भाडेकरूसुद्धा अशा वेळी दोषी ठरतो.

त्यामुळे दोरी बांधायचीच नाही, घडीचा स्टँड ठेवायचा, हे भाडेकरूने आधीच सांगावं. बांधावीच लागली तर आधीच्या खांबांना, आणि नायलॉनची. लोखंडी तार नको. ती कुठे खरचटलेल्या वायरला टेकली तर ओले कपडे काढणाऱ्याच्या हातात वीज उतरते, आणि पावसाळ्यात असे अपघात आपल्याकडे घडत आले आहेत. सोलरच्या पाइपला आणि डिशच्या दांडीला कपडे अडकवू नयेत. ओली चादर वाऱ्यात शिडासारखी फुगते आणि दांडी वाकवते. स्टँडही याच कारणाने उलटतो, म्हणून तो कठड्याच्या आडोशाला ठेवून पायांवर विटा ठेवाव्यात. कपडे न्यायच्या आधी फक्त एक गोष्ट करायची: यंत्रात नीट पिळून घ्यायचे. बादलीतून ठिबकणारं पाणी जिन्यावर रोज पडलं, तर पायऱ्यांवर शेवाळ धरतं, आणि तिथून काका रोज फिरायला उतरतात.

दुसरी भीती चेंडूची. सोलर हीटरच्या नळ्या काचेच्या असतात. प्लास्टिकच्या चेंडूने त्या सहसा फुटत नाहीत, पण मुलं प्लास्टिकवर किती दिवस थांबतात? शिवाय चेंडू कठड्यावरून खाली गेला की मूल दोनपैकी एक गोष्ट करतं, कठड्यावर ओणवं होऊन पाहतं किंवा जिना धडाधड उतरून रस्त्यावर धावतं. दोन्ही धोक्याच्या. म्हणून गच्चीवर चेंडू नाही, ही अट मालकाने घालायच्या आधी भाडेकरूने स्वतःच घातलेली बरी.

तिसरी भीती बोलून दाखवली जात नाही, पण सर्वांत मोठी असते: मूल पडलं तर? गच्चीचा कठडा साधारण मीटरभर उंच असतो. सहा वर्षांच्या मुलाच्या तो जवळजवळ हनुवटीला येतो, म्हणजे नुसतं उभं राहून ते पलीकडे जाणार नाही. पण तेच मूल फूटभर उंच उलट्या बादलीवर किंवा कुंडीच्या कडेवर चढलं, की कठडा त्याच्या कमरेशी येतो, आणि मग वाकताना तोल जायला वेळ लागत नाही. म्हणजे धोका कठड्यापेक्षा कठड्याला टेकवून ठेवलेल्या वस्तूंचा जास्त. खुर्ची, बादली, कुंड्या, विटांची रास हे सगळं कठड्यापासून दूर सरकवलं आणि टाकीची शिडी वर उचलून बांधली, तर निम्मं काम होतं. उरलेलं निम्मं एका नियमाने होतं: मोठं माणूस गच्चीवर नसेल तर मुलं गच्चीवर नाहीत. हा नियम पाळता येईल तेवढीच वेळ मागायची.

चौथी भीती आवाजाची. आपल्या घरात गच्ची काकांच्या डोक्यावर आहे. मुलांचं ओरडणं हवेत विरतं, उड्यांचा आवाज मात्र स्लॅबमधून थेट खाली उतरतो. दोरीवरच्या उड्या आणि लंगडी खालच्या खोलीत ढोल वाजल्यासारखी ऐकू येते. बॅडमिंटन, खडूची चित्रं, पत्ते, भोवरा यांचा त्रास नसतो. पुण्यात दुपारी एक ते चार या वेळात गच्चीवर पाय आपटायचा नसतो, हे वेगळं लिहायला नको. तरी अर्जात लिहावंच.

वेळ मागायची ती पाळता येईल अशी

इथे बहुतेकांची चूक होते. मालकाला थोडकं वाटावं म्हणून भाडेकरू म्हणतो, "सकाळी दहा ते बारा कपडे घालू." आपल्या उदाहरणातली ताई साडेनऊलाच बँकेत जाते. दहाला कपडे घालणार कोण आणि बाराला काढणार कोण? पहिल्याच दिवशी कपडे संध्याकाळपर्यंत राहतात, आणि काकूंच्या मनात नोंद होते की 'ही माणसं बोलतात एक, करतात एक'. थोडी वेळ मागून जास्त वापरण्यापेक्षा खरी वेळ मागून तेवढीच वापरणं परवडतं. या घराची खरी वेळ अशी आहे: यंत्र आठवड्यातून तीनदा लागतं, कपडे सव्वानऊच्या आत घातले जातात आणि सव्वासहाला काढले जातात.

नऊ तास ऐकायला फार वाटतात. म्हणून जागा छोटी मागायची. किती छोटी, ते एकदा मोजून पाहावं. एका धुण्यात चार सदरे-कुडते, चार पँटी-सलवारी, मुलांचे चार गणवेशाचे कपडे, तीन टॉवेल आणि एक चादर धरली, तर सदऱ्याला अर्धा मीटर, पँटला चाळीस सेंटिमीटर, टॉवेलला सत्तर सेंटिमीटर आणि घडी घातलेल्या चादरीला सव्वा मीटर अशी बेरीज आठ ते नऊ मीटर दोरीची होते. बारीकसारीक कपडे धरून दहा. घडीच्या एका मोठ्या स्टँडवर एवढं मावतं, आणि स्टँड गच्चीचा एक कोपरा तेवढा अडवतो. "टाकीच्या मागचा कोपरा, एक स्टँड" असं म्हटलं की नऊ तास कुणाला खुपत नाहीत, कारण काकूंच्या दोऱ्यांना धक्का लागत नाही.

खेळाचा हिशोब आणखी कडक होतो. ताई सहाला येते, त्यामुळे सोमवार ते शुक्रवार सव्वासहाच्या आधी मोठं माणूस नाही. उन्हाळ्यात पुण्यात सूर्य सातच्या सुमाराला मावळतो, म्हणून सव्वासहा ते सात हा वेळ मिळतो. डिसेंबरात सहालाच अंधारतं. म्हणजे हिवाळ्यात मधल्या वारी गच्चीवर खेळ नाहीच. शनिवार-रविवारी पाच ते सहा. घड्याळाची एकच वेळ वर्षभरासाठी मागितली असती, तर ती अर्धं वर्ष अंधारात गेली असती. मुलांनाही हे आधी सांगावं लागतं, नाहीतर तेच जिन्यात उभं राहून काकूंशी हुज्जत घालतात.

आणखी एक वेळापत्रक असतं, ते काकूंचं. मार्चपासून मेपर्यंत गच्ची वाळवणाची असते. कुरडया, पापड, सांडगे, वर्षाचं तिखट प्लास्टिकवर पसरलेलं असतं, आणि तिथे ओल्या कपड्याचं पाणी किंवा धावणारं पाऊल चालत नाही. जानेवारीत संक्रांतीला काकांचा नातू पतंगाला येतो, कोजागरीला पाहुणे असतात. जून ते सप्टेंबर गच्ची ओली आणि निसरडी, म्हणजे खेळ बंद आणि कपडेही बहुतेक घरातच. हे सगळं वजा केलं तर भाडेकरूला गच्ची खरोखर लागते ती ऑक्टोबर ते फेब्रुवारी, आणि वाळवण नसलेल्या दिवशी उन्हाळ्यात. मालकाला वाटत असतं बाराही महिने गच्ची गेली. महिने मोजून दाखवले की मागणी आपोआप लहान होते.

विचारायचं कसं

हे जिन्यात विचारू नये. संध्याकाळी चहाच्या वेळी, काका-काकू दोघं असताना, पाच मिनिटं मागून घ्यावीत. एकट्या काकांना विचारलं तर गच्चीवर रोज जाणाऱ्या काकूंना डावलल्यासारखं होतं, आणि वाळवणाचं तर काकांना ठाऊकही नसतं. बोलणं असं काहीसं:

"काका, गच्चीबद्दल बोलायचं होतं. सगळी गच्ची नकोय. टाकीमागे एक स्टँड ठेवू का, आठवड्यातून तीन दिवस? सकाळी सव्वानऊपर्यंत घालीन, संध्याकाळी बँकेतून आले की काढीन."

"अगं, पण मुलं?"

"मी वर असले तरच मुलं वर. चेंडू नाही, उड्या नाहीत. आमची दोन आणि फार तर शेजारची दोन."

"आणि माझ्या कुरडया?" काकू.

"काकू, तुमचं वाळवण ज्या दिवशी, त्या दिवशी आम्ही चढत नाही. आदल्या रात्री फक्त सांगा."

"चावी?"

"चावी तुमच्याकडेच. सकाळी घेईन, संध्याकाळी परत देईन. एक महिना बघा, नाही जमलं तर स्पष्ट सांगा."

या बोलण्यात महत्त्वाची गोष्ट शेवटची आहे. महिनाभराची चाचणी म्हटली की मालकाला 'हो' म्हणणं सोपं जातं, कारण त्याला मागे फिरायचा रस्ता दिसतो. दुसऱ्या दिवशी हेच कागदावर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवावं:

"काका-काकू, काल ठरलं त्याप्रमाणे: सोमवार, बुधवार, शनिवार सकाळी ९.१५ पर्यंत टाकीमागे एका स्टँडवर कपडे घालू व संध्याकाळी ६.१५ ला काढू. मुलं मोठ्या माणसासोबतच वर येतील: उन्हाळ्यात ६.१५ ते ७, थंडीत फक्त शनि-रवि ५ ते ६. चेंडू व उड्यांचे खेळ नाहीत. खिळा, हूक काही ठोकणार नाही. वाळवणाच्या व तुमच्या कार्यक्रमाच्या दिवशी गच्ची वापरणार नाही. आमच्यामुळे काही मोडलं तर दुरुस्ती आमची. ही परवानगी तुम्ही केव्हाही थांबवू शकता. सोबत गच्चीचे आजचे फोटो पाठवत आहे."

फोटो कशासाठी, तर जूनमधल्या त्या ओलीसाठी. कोब्याला आधीच असलेल्या भेगा, कठड्याचे जुने हूक, सोलरच्या सगळ्या नळ्या साबूत असल्याचं चित्र पहिल्याच दिवशी दोघांकडे राहतं.

लिहून दिलं तर हक्क लागेल का?

इथे काका अडतात. "तोंडी ठीक आहे, लिहून कशाला? उद्या म्हणतील गच्ची आमची." ही भीती घरोघरी आहे, आणि कायदा पाहिला तर ती उलटी आहे.

दुसऱ्याच्या जागेत त्याच्या संमतीने काही करण्याच्या मुभेला १८८२च्या भारतीय सुखाधिकार कायद्यात लायसन्स म्हणतात. ती मालकी नाही, कब्जाही नाही. अशी मुभा तोंडाने न बोलताही, नुसत्या वागण्यातून दिली गेल्याचं मानता येतं, म्हणजे काका गप्प बसले तरी परवानगी कोरी राहत नाही, अटींशिवायची होते. वहिवाटीने हक्क मिळवायचा, तर त्याच कायद्याप्रमाणे वापर सलग वीस वर्षं, उघडपणे आणि 'हा माझा हक्कच आहे' अशा भावनेने झालेला असावा लागतो. परवानगी मागून केलेला वापर यात मोजला जात नाही. म्हणजे वहिवाटीच्या दाव्याला सर्वांत चांगलं उत्तर म्हणजे भाडेकरूने स्वतः लिहिलेली 'परवानगी मागतो' ही ओळ. ती ओळ काकांच्या फायद्याची.

दुसरी गोष्ट १९९९च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याची. भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे, आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. असा करार नसेल, तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, मालकाने ते खोटं ठरवेपर्यंत. तोंडी व्यवहारात काकांना वाटतं आपण मोकळे राहिलो, प्रत्यक्षात ओझं त्यांच्यावरच येतं. म्हणून अकरा महिन्यांनी करार नव्याने होताना त्यात एक वाक्य घालावं: गच्ची भाड्याच्या जागेत धरलेली नाही, ठरलेल्या वेळी कपडे वाळवण्यास व मुलांना खेळण्यास मालकाच्या संमतीने मुभा आहे, मालक ती काढून घेऊ शकतो.

भाडेकरूलाही यात एक गोष्ट समजून घ्यावी लागते. करारात गच्ची नसेल आणि मालक 'नाही' म्हणाला, तर भांडून ती मिळत नाही. मग गॅलरीच्या छताला दोरीने खाली-वर होणाऱ्या दांड्या लावायच्या, आणि पुढचं घर बघताना पाण्याच्या वेळेबरोबर गच्चीचंही विचारायचं.

बिघडायला लागलं की कळतं

मालक क्वचितच सरळ सांगतो. काकू म्हणतात, "हल्ली गच्ची फार मळते हो." चावी मागायला गेलं की ती सापडायला वेळ लागतो. तुमचा स्टँड एक दिवस भलत्याच कोपऱ्यात सरकलेला दिसतो. यांपैकी काहीही दिसलं तर आठवडा थांबू नये, त्याच संध्याकाळी जाऊन विचारावं, "काकू, काही त्रास होतोय का?" बहुतेक वेळा कारण अगदी बारीक निघतं: शेजारचं तिसरं मूल वर आलं होतं, दार उघडं राहिल्याने कबुतरं शिरली, सव्वासहाचे सात झाले. सुधारता येण्यासारखं. न विचारता राहिलं तर तेच कारण पुढच्या कराराच्या वेळी 'आम्हाला घर मुलाला द्यायचंय' या वाक्यात बाहेर पडतं.

आपल्या उदाहरणातली ताई महिन्याच्या शेवटी चावी परत करायला वर जाते, तेव्हा तिने एक काम करावं. सकाळी काकूंचे कपडे दोरीवर होते आणि दुपारी आभाळ भरून आलं होतं, तर त्या दिवशी सुट्टीवर घरी असलेल्या तिने स्वतःच्या स्टँडबरोबर तेही काढून घडी घालून आणलेले असावेत. असं एकदा झालं, की चावी कुठल्या खिळ्याला अडकवलेली असते ते काकू स्वतःच सांगतात.